चित्रीकरण मध्येच का थांबते? एस. डी. कार्डाच्या वेगश्रेणीचा एक धडा

वसतिगृहाच्या पहिल्या काही तुकड्यांतील माजी विद्यार्थ्यांच्या आणि जुन्या सेवकवर्गाच्या आठवणी ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवाव्यात, असे गेल्या वर्षी ठरले. त्या काळातील हजेरीपट आणि धान्याच्या नोंदवह्या फारशा उरलेल्या नाहीत. त्यामुळे माणसांच्या तोंडूनच जे मिळेल ते जपावे, हा इतिहास शिकविणाऱ्या आम्हां मंडळींचा आग्रह होता. एका माजी विद्यार्थ्याने आपला चांगला कॅमेरा वापरावयास दिला. कार्ड आमच्याकडचेच होते. पहिलीच मुलाखत स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशींची होती. वयाची पंच्याहत्तरी ओलांडलेल्या मावशी त्या दिवशी अगदी मोकळेपणाने, बावन्न मिनिटे बोलल्या.

संगणकावर फाइल उघडली तेव्हा ती १७ मिनिटे ४० सेकंदांची निघाली. त्यापुढचे काहीच नव्हते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सूचना येऊन गेली असणार, परंतु आम्ही सारे मावशींकडे पाहत होतो, पडद्याकडे कोणीच पाहत नव्हते. बॅटरी निम्म्याहून अधिक शिल्लक होती आणि कार्डावर तीस गिगाबाइटांच्या आसपास जागा मोकळी होती. कार्डावर तर ठळक अक्षरांत ‘१०० मेगाबाइट प्रति सेकंद’ असे छापलेले. मग चित्रीकरण थांबले का? या एका प्रश्नाचा मागोवा घेताना जे समजले, ते येथे मांडीत आहोत. आज घरोघरी लग्नाचे, जयंतीच्या मिरवणुकीचे आणि मुलांच्या कार्यक्रमांचे चित्रीकरण होते, आणि तेथेही नेमका हाच घोटाळा होत असतो.

सुरुवात हिशेबापासून करू. कॅमेरा प्रत्येक सेकंदाला किती माहिती कार्डाकडे पाठवितो, याला बिटरेट म्हणतात. हा आकडा कॅमेऱ्याच्या मेनूत मेगाबिटांत दिलेला असतो, तर कार्डाचा वेग मेगाबाइटांत सांगितला जातो. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून कॅमेऱ्याच्या आकड्याला आठाने भागल्याशिवाय दोहोंची तुलना करता येत नाही. आमचा कॅमेरा ४के चित्रीकरणासाठी १०० मेगाबिटांवर लावलेला होता. १०० भागिले ८, म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. मिनिटाला हे ७५० मेगाबाइट होतात आणि तासाला ४५ गिगाबाइट. कार्ड सेकंदाला शंभर मेगाबाइट घेणारे असेल, तर साडेबाराचे ओझे त्याला काहीच वाटू नये. आमचा समज हाच होता, आणि तोच चुकीचा ठरला.

कार्डावरचा तो मोठा आकडा बहुधा वाचनाचा कमाल वेग असतो, म्हणजे कार्डावरून संगणकावर नक्कल करताना अनुकूल स्थितीत मिळू शकणारा वेग. चित्रीकरणात मात्र कार्डावर लिहिले जाते, आणि तेही अखंड. तेथे कार्ड क्षणभर किती धावते याला महत्त्व नाही, ते कधीही किती खाली जाणार नाही याला महत्त्व आहे. एखाद्या विद्यार्थ्याने एका विषयात नव्वद गुण मिळविले, पण दुसऱ्यात उत्तीर्णापुरतेही मिळविले नाहीत, तर निकालपत्रावर ‘अनुत्तीर्ण’ हाच शेरा येतो. व्हिडिओच्या बाबतीत कार्डाचा निकालही त्याच्या सर्वांत कमकुवत सेकंदावर लागतो.

या किमान लेखनवेगाची हमी सांगणारी चिन्हे कार्डावर छापलेली असतात. ती इतकी बारीक असतात की चष्मा असूनही आमच्या नजरेतून सुटली होती. चिन्हांच्या तीन पिढ्या आहेत. सर्वांत जुनी म्हणजे इंग्रजी सी अक्षराच्या पोटात लिहिलेला आकडा : २, ४, ६ किंवा १०. त्यानंतरची, इंग्रजी यू अक्षराच्या पोटात १ किंवा ३. तिसरी आणि खास व्हिडिओसाठी २०१६ साली आलेली, इंग्रजी व्ही अक्षराशेजारी ६, १०, ३०, ६० किंवा ९०. सी आणि व्ही यांच्याबाबतीत आकडा हाच सेकंदाचा किमान मेगाबाइट-वेग असतो. यू मात्र फसवितो : यू १ म्हणजे एक नव्हे, दहा मेगाबाइट, आणि यू ३ म्हणजे तीस. म्हणजे सी १०, यू १ आणि व्ही १० या तिन्ही चिन्हांची हमी एकच आहे. यू ३ आणि व्ही ३० यांचीही एकच.

आमच्या कार्डावर सी १० आणि यू १ अशी दोन चिन्हे होती. दोन चिन्हे पाहून वेग दुप्पट असेल असे वाटण्याचा संभव आहे, परंतु ती एकाच दहा मेगाबाइटांची दोन नावे. आम्ही मागत होतो साडेबारा, कार्डाने वचन दिले होते दहाचे. वचनभंग कार्डाने केलेला नव्हता.

याच चिन्हांच्या गर्दीत आणखी दोन खुणा असतात, त्यांचा गोंधळ करू नये. रोमन एक किंवा रोमन दोन ही खूण कार्ड आणि उपकरण यांच्यामधल्या मार्गाची आहे. पहिल्या प्रकारचा मार्ग सेकंदाला १०४ मेगाबाइटांपर्यंत जातो, दुसऱ्या प्रकारचा ३१२ पर्यंत. दुसऱ्या प्रकारच्या कार्डाच्या पाठीवर सोनेरी पट्ट्यांची आणखी एक ओळ दिसते. रस्ता रुंद असला म्हणून गाडी वेगाने धावतेच असे नाही, आणि रुंद रस्त्याचे कार्ड अरुंद रस्त्याच्या कॅमेऱ्यात घातले तर ते अरुंद रस्त्याच्याच वेगाने चालते. दुसरी खूण इंग्रजी ए अक्षरासह १ किंवा २ अशी असते. ती मोबाइलमधील अ‍ॅप कार्डावरून चालविण्यासाठी आहे. व्हिडिओसाठी कार्ड निवडताना तिच्याकडे पाहण्याचे कारण नाही. दुकानदार तिची तारीफ आवर्जून करतात, हा भाग वेगळा.

आता खरा प्रश्न. हमी दहाची असली तरी तेच कार्ड पहिली सतरा मिनिटे साडेबारा मेगाबाइट निमूटपणे लिहीत होते. मग अठराव्या मिनिटाला काय झाले?

कार्डातील फ्लॅश स्मृतीचा स्वभाव येथे समजून घ्यावा लागतो. एक अशी पाटी कल्पावी की जिच्यावर ओळ ओळ लिहिता येते, पण पुसायची झाल्यास संपूर्ण पाटीच पुसावी लागते. रिकाम्या पाट्या भरपूर असतील तर लिहिणारा भराभर लिहीत जातो. परंतु प्रत्येक पाटीवर दोन-चार जुन्या ओळी राखून ठेवायच्या असतील, तर त्या आधी दुसऱ्या पाटीवर उतरवायच्या, मग ही पाटी पुसायची आणि त्यानंतर नवे लिहायचे. फ्लॅश स्मृतीत लेखन लहान तुकड्यांत होते आणि पुसणे मोठ्या ठोकळ्यांत होते, म्हणून ही कसरत कार्डाच्या आतल्या नियंत्रकाला करावी लागते. ती चालू असताना लेखनाचा वेग एकाएकी घसरतो. काही कार्डांत सुरुवातीचे लेखन एका लहान पण जलद भागात होते आणि तो भरला की पुढचे लेखन मंदावते. त्यामुळेही आरंभीची काही मिनिटे सारे ठीक वाटते.

आमच्या कार्डावर स्नेहसंमेलनाचे वीस गिगाबाइट चित्रीकरण तसेच पडून होते. शिवाय मधल्या काळात जागा करण्यासाठी कोणीतरी नको असलेली छायाचित्रे एकेक करून पुसली होती. म्हणजे मोकळी जागा सलग नव्हती, जुन्या मजकुराच्या मधेमधे विखुरलेली होती. वेगश्रेणीची हमी ही सलग लेखनाची आणि पूर्णपणे रिकाम्या ठोकळ्यांवरची असते. अर्धवट भरलेल्या ठोकळ्यांवर ती लागू होत नाही. पुढे आम्ही संगणकावर H2testw नावाच्या कार्यक्रमाने कार्डाची मोकळी जागा लिहून पाहिली तेव्हा सरासरी वेग १८ मेगाबाइट आला. सरासरी अठरा आणि तरीही साडेबाराला अपयश, हे पाहून संगणक शिकविणारे आमचे सहकारी प्रथम चकित झाले. पण सरासरीत मधले खड्डे बुजून जातात.

कॅमेऱ्यापाशी असे खड्डे ओलांडण्यासाठी थोडी तात्पुरती स्मृती असते, तिला बफर म्हणतात. हौदात नळाचे पाणी येत असते आणि तळाच्या तोटीतून जात असते, तसा हा प्रकार आहे. समजा बफर शंभर मेगाबाइटांचा आहे आणि कार्डाचा वेग घसरून आठ मेगाबाइटांवर आला. येणारे साडेबारा, जाणारे आठ, म्हणजे सेकंदाला साडेचार मेगाबाइट साचत जातील आणि बावीस सेकंदांत हौद काठोकाठ भरेल. तेवढ्या अवधीत कार्ड सावरले तर आपल्याला काही कळतही नाही. सावरले नाही, तर कॅमेऱ्यापुढे दोनच मार्ग उरतात : चित्रीकरण बंद करणे, किंवा काही फ्रेम सोडून देणे. बहुतेक कॅमेरे पहिला मार्ग धरतात. काही कॅमेऱ्यांत, उदाहरणार्थ कॅननच्या अनेक डी. एस. एल. आर. मध्ये, कार्ड मंद असेल तर पडद्याच्या उजव्या कडेला पाच पायऱ्यांची एक उभी खूण दिसू लागते. ती वर चढत जाणे म्हणजे हौद भरत जाणे. ती शेवटच्या पायरीला पोहोचली की चित्रीकरण आपोआप थांबते. चित्रीकरण करणाऱ्याने नजर ठेवावी ती या खुणेवर.

बिटरेट हाही नेहमी स्थिर नसतो. अनेक कॅमेरे दृश्य पाहून तो कमी-जास्त करतात. शांत भिंतीपुढे बसलेल्या माणसाला कमी माहिती पुरते. हलणारी पाने, पाऊस, किंवा जयंतीच्या मिरवणुकीतील शेकडो निळे झेंडे आणि लुकलुकणारे दिवे यांना पुष्कळ अधिक लागते. खोलीत तासभर चाललेले कार्ड मिरवणुकीत दहाव्या मिनिटाला का थांबते, याचे उत्तर बरेचदा यातच असते. म्हणून हिशेबाने आलेल्या आकड्याला कार्डाची हमी टेकलेली असू नये, मध्ये ऐसपैस अंतर असावे.

अर्थात थांबलेले प्रत्येक चित्रीकरण कार्डामुळेच थांबते असे नाही, आणि नवे कार्ड विकत घेण्यापूर्वी हे तपासणे खिशाला हितकर आहे. दर वेळी बरोबर २९ मिनिटे ५९ सेकंदांनी थांबत असेल, तर ती कॅमेऱ्यातच घातलेली मर्यादा आहे. युरोपातील आयातकराच्या नियमांत अर्ध्या तासाहून अधिक चित्रीकरण करणारे यंत्र व्हिडिओ कॅमेरा ठरत असे, म्हणून अनेक छायाचित्र-कॅमेऱ्यांवर ही मर्यादा आली. पडद्यावर तापमापकासारखी खूण आली असेल आणि कॅमेरा हाताला गरम लागत असेल, तर दोष उष्णतेचा आहे. आपल्याकडच्या मे महिन्यातील दुपारी, पत्र्याच्या मांडवाखाली, हे सहज घडते. एकच चित्रीकरण चार-चार गिगाबाइटांच्या फाइलींत तुटलेले दिसले, तर तो दोष नव्हे. ३२ गिगाबाइटांपर्यंतच्या कार्डांवर वापरल्या जाणाऱ्या फॅट ३२ या पद्धतीत एक फाइल चार गिगाबाइटांहून मोठी असूच शकत नाही. मात्र थांबण्याची वेळ दरवेळी निराळी असेल, बिटरेट कमी केला की थांबणे बंद होत असेल, किंवा तोच कॅमेरा दुसऱ्या कार्डावर सुरळीत चालत असेल, तर कार्डाकडेच बोट दाखवावे.

फ्रेम गळाल्याचा संशय आणखी सावधपणे घ्यावा. चित्र धक्के खात चालले की लोक लगेच कार्डाला दोष देतात, पण पुष्कळदा जुन्या संगणकाला ४के चित्र दाखविणेच झेपत नसते. परीक्षा सोपी आहे. तीच फाइल तीन वेळा लावून पाहावी. धक्का दरवेळी निराळ्या जागी बसला तर संगणक मंद आहे. दरवेळी अगदी त्याच शब्दावर बसला तर फाइलमध्येच काही गळाले आहे. खात्री हवी असल्यास फ्रेम मोजता येतात. सेकंदाला २५ फ्रेम या वेगाने दहा मिनिटांत १५,००० फ्रेम व्हायला हव्यात. ज्यांच्या संगणकावर ffprobe आहे त्यांनी ही आज्ञा द्यावी, मोजणीला थोडा वेळ लागतो :

```
ffprobe -v error -count_frames -select_streams v:0 \
 -show_entries stream=nb_read_frames,duration mulakhat.mp4
```

कालावधी ६०० सेकंद दिसला आणि फ्रेम १४,९०० च भरल्या, तर शंभर फ्रेम, म्हणजे चार सेकंदांचे चित्र, कार्डापर्यंत पोहोचलेच नाही असे समजावे.

आता निवड. आमच्यापुढे दोन मार्ग होते. एक, ४के सोडून साध्या पूर्ण एच. डी. वर, ५० मेगाबिटांनी चित्रीकरण करणे. मग सेकंदाला सव्वासहा मेगाबाइटच लागतात आणि जुने यू १ कार्ड, रिकामे केलेले असेल तर, हमीच्या आत राहते. एका जागी बसून बोलणाऱ्या माणसाच्या मुलाखतीला एवढे चित्र पुष्कळ झाले, असे आमचे प्रामाणिक मत आहे. चेहऱ्यावरची सुरकुती त्यातही दिसते. परंतु कॅमेरा देणाऱ्या माजी विद्यार्थ्याचा ४केसाठी आग्रह होता, म्हणून दुसरा मार्ग धरला : व्ही ३० चिन्हाचे १२८ गिगाबाइटांचे कार्ड. साडेबाराच्या मागणीला तीसची हमी, आणि मिनिटाला ७५० मेगाबाइट धरून अडीच तासांहून अधिक जागा. व्ही ६० किंवा व्ही ९० घ्या, असे सुचविणारेही भेटले. त्यांची गरज फार जड चित्रीकरणाला असते. काही कॅमेरे ४०० मेगाबिटांनी चित्रीकरण करतात, त्यांना सेकंदाला पन्नास मेगाबाइट लागतात आणि तेथे व्ही ६० वाचून गत्यंतर नाही. आमच्या शंभर मेगाबिटांना ते घेणे म्हणजे दोन माणसांच्या भातासाठी पंगतीचे पातेले चढविणे, आणि किंमतही तशीच.

कार्ड हाती आल्यावर दोन गोष्टी केल्या. बाजारात नकली कार्डे फार आहेत. वेष्टन हुबेहूब असते, संगणकावर क्षमता १२८ दिसते, पण आतली खरी जागा त्याच्या एक अंश असते आणि ती संपल्यावर लिहिलेले सारे वाया जाते. म्हणून वर सांगितलेल्या H2testw ने संपूर्ण कार्ड लिहून आणि परत वाचून पाहिले. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी हेच काम f3write आणि f3read ही जोडी करते. त्यानंतर कार्ड कॅमेऱ्यात घालून कॅमेऱ्याच्याच मेनूतून फॉरमॅट केले आणि कॅमेरा तिकाटण्यावर चढवून अंगणातल्या पिंपळापुढे उभा केला. वाऱ्याने सळसळणाऱ्या पानांइतकी कठीण परीक्षा दुसरी नाही. कार्ड पूर्ण भरेपर्यंत चित्रीकरण चालू दिले. उष्णतेची खूण एकदाही आली नाही आणि चित्रीकरण थांबले ते जागा संपल्यावरच. दहा मिनिटांच्या चाचणीवर समाधान मानू नये. आमचे जुने कार्डही दहा मिनिटे सहज टिकले असते.

तेव्हापासून शिरस्ता असा आहे. प्रत्येक मुलाखतीपूर्वी आधीचे चित्रीकरण दोन निरनिराळ्या डिस्कांवर उतरवून, उघडून पाहून, मगच कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट करतात. एकेक फाइल पुसून जागा करण्यास सक्त मनाई आहे. काही कॅमेऱ्यांत ‘लो लेव्हल फॉरमॅट’ असा पर्याय असतो. कार्ड मंदावल्यासारखे वाटले तर तो वापरावा. ती सोय नसेल तर एस. डी. कार्डांचे मानक ठरविणाऱ्या संघटनेचाच SD Memory Card Formatter हा मोफत कार्यक्रम आहे. फॉरमॅटने कार्डावरचे सर्व जाते, हे सांगण्याची गरज नसावी, तरी सांगून ठेवतो, कारण आमच्याकडे एकदा तेही घडले आहे. मुलाखत चालू असताना नववीतील एक विद्यार्थी केवळ पडद्यावरील लाल ठिपका आणि सरकणारी वेळ यांकडे पाहत बसतो. शिवाय टेबलावर एक मोबाइल फक्त आवाज टिपत ठेवलेला असतो. कॅमेरा थांबलाच तरी निदान शब्द हाती राहतात.

महिन्याभराने मावशींना पुन्हा बोलाविले. त्या आल्या, बोलल्याही. ते चित्रीकरण एक तास सहा मिनिटांचे, सलग, वसतिगृहाच्या संग्रहात आहे. पण पहिल्या वर्षी धान्य संपले तेव्हा वस्तीतल्या घराघरांतून मूठमूठ ज्वारी कशी गोळा झाली, ती हकीकत त्यात दोनच वाक्यांत येते. आम्ही पुन्हा विचारले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “ते सांगितलं की सर मागच्या वेळेला.”